चित्रांचे पैसे आणि चित्रांचे हक्क

मुलांच्या चित्रपुस्तकाचं काम मराठीत बहुतेक वेळा एका फोनवर ठरतं. "गोष्ट तयार आहे, चौदा जोडपानं आणि मुखपृष्ठ. किती घ्याल?" चित्रकार घाईघाईत एक आकडा सांगतो, समोरचा तो थोडा खाली आणतो आणि काम सुरू होतं. पुढे दोन वर्षांनी त्याच चित्रांसह हिंदी पुस्तक निघतं, कुणीतरी चित्रं हलवून गोष्टीचा व्हिडिओ करतं, मुखपृष्ठावरची मुलगी शाळेच्या वहीवर येते, आणि मग चित्रकार विचारतो, "याचं काय?" प्रकाशकाला खरोखरच आश्चर्य वाटतं. त्याच्या मते पैसे देऊन झालेले असतात.

त्या फोनवरच्या प्रश्नात दोन व्यवहार मिसळलेले असतात. पहिला श्रमाचा: चित्रकाराचे अमुक दिवस या कामात जाणार, त्यांचे पैसे. दुसरा वापराचा: तयार झालेली चित्रं कुठे, कोणत्या भाषेत, किती वर्षं आणि कशाकशावर छापता येतील, त्या परवानगीचे पैसे. चित्रकार आणि प्रकाशक यांच्यातली जी भांडणं मी जवळून पाहिली, त्यांतली बरीचशी या दोहोंचा एकच आकडा केल्यामुळे झाली. करार, दुरुस्त्या, मुदती, रॉयल्टी या सगळ्यांकडे हा फरक धरून पाहिलं तर बऱ्याच गोष्टी आपोआप सुट्या होतात.

आधी कायदा पाहू, कारण काहीच ठरलं नसेल तेव्हा तोच बोलतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक चित्रकारच असतो. पण कलम १७मध्ये या नियमाला अपवाद आहेत आणि त्यातला एक आपल्या विषयाला थेट भिडतो. मोबदला देऊन, कुणाच्या सांगण्यावरून एखादं पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक काम करून घेणारा ठरतो. याच कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना पेंटिंग आणि ड्रॉइंग यांची नावं वेगवेगळी घेतली आहेत. मग जलरंगात रंगवलेलं पुस्तकातलं चित्र पेंटिंग की ड्रॉइंग? शाईतलं रेखाटन कशात बसतं? टॅबवर काढलेलं? यावर दोन वकील दोन मतं देऊ शकतात. मुद्दा असा, की "काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे हक्क माझाच" असं चित्रकाराने गृहीत धरणं धोक्याचं आहे. उलट, "पैसे दिले, म्हणजे सगळं माझं" हे प्रकाशकाचं गृहीतकही तितकंच कच्चं आहे. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे लेखक, शिक्षक आणि शाळा यांनाही हे तसंच लागू होतं, कारण तिथे काम करून घेणारे तेच असतात.

हा गोंधळ एका वाक्याने मिटतो, कारण कायद्यानेच "वेगळा करार नसल्यास" अशी वाट ठेवली आहे. करारात लिहावं: "हे काम मोबदला देऊन करून घेतलं असलं, तरी सर्व चित्रांच्या कॉपीराइटचे पहिले मालक चित्रकारच असतील." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, ज्यात प्रकाशकाला काय मिळतं ते लिहायचं: "चित्रकार प्रकाशकाला ही चित्रं मराठी भाषेतील छापील पुस्तकात, भारतात, सही झाल्यापासून सात वर्षं वापरण्याची अनन्य परवानगी देत आहेत." अनन्य म्हणजे त्या काळात, त्या भाषेत, तसं पुस्तक दुसऱ्या कुणाला काढू देता येणार नाही. प्रकाशकाने पुस्तकात पैसे गुंतवलेले असतात. एवढं संरक्षण त्याला मिळायलाच हवं.

हक्कांचं हस्तांतरण आणि वापराची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हस्तांतरणात मालकीच बदलते, परवानगीत मालकी चित्रकाराकडे राहते. छापील करारांत बहुधा पहिला प्रकार असतो, आणि वाक्य साधारण असं असतं: सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमचे. अशा वाक्याला कायद्याने काही आवर घातला आहे, पण चित्रकारांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो. कलम १९नुसार हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात, हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तो परत येतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा हक्क, करारात त्या माध्यमाचं नाव घेतलेलं नसेल तर, आपोआप दिला जात नाही. म्हणून करार वाचताना चित्रकाराने आधी त्यातली वेगळं म्हणणारी वाक्यं शोधावीत. "कलम १९(४) या कराराला लागू होणार नाही" अशी एक ओळ बऱ्याचदा शेवटच्या पानावर असते. न वापरलेले हक्क कायम अडकून राहतात ते त्या ओळीमुळे.

सगळे हक्क मागणारा प्रत्येक प्रकाशक लोभी असतो असं मात्र नाही. चेन्नईचं तुलिका एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत काढतं, त्यांत मराठीही असते. तिथे प्रत्येक भाषेसाठी वेगळी परवानगी मागणं कुणालाच परवडणार नाही. सगळ्या भाषा एकत्र मागणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरची रीत त्याहून वेगळी. तिथली बहुतेक पुस्तकं अशा खुल्या परवान्याखाली असतात, की नाव दिलं तर कुणीही त्यांचं भाषांतर करावं, ती छापावीत, विकावीतसुद्धा. एकदा अशी मुभा दिली की पुन्हा वापराचे पैसे मागायचा प्रश्नच उरत नाही. अशा कामात मला काहीच वावगं वाटत नाही. फक्त आकडा ठरवताना चित्रकाराला माहीत हवं, की आपण इथे श्रमही विकतो आहोत आणि वापराचा सगळा भविष्यकाळही. प्रकाशक फक्त मराठीत दोन हजार प्रती काढणार असेल आणि तरीही बारा भाषा, चित्रपट, खेळणी नि कपडे यांचे हक्क मागत असेल, तर ते हक्क त्याला लागणार नाहीत आणि चित्रकाराच्या मात्र हातातून जातील. अशा वेळी एकच प्रश्न पुरतो: "यातलं तुम्ही येत्या दोन वर्षांत नक्की काय करणार आहात?" जे करणार, ते करारात लिहावं. बाकीच्यासाठी नंतर बोलता येतं.

आता पैशांकडे येऊ. समजा, गोष्ट चिपळूणच्या एका मुलीची आहे. आजीबरोबर ती पहिल्यांदाच एसटीने मुंबईला जाते. साडेआठ इंच चौरस आकाराचं, बत्तीस पानांचं रंगीत पुस्तक. पहिल्या पानावर शीर्षक, दोन-तीनवर श्रेयनामावली आणि एक छोटं चित्र, चार ते एकतीसमध्ये चौदा जोडपानं, शेवटच्या पानावर पुन्हा एक छोटं चित्र आणि शिवाय मुखपृष्ठ. चित्रकाराचे दिवस असे जातात: पात्रं ठरवणं आणि सगळ्या पुस्तकाचा अंगठ्याएवढ्या चौकटींत आराखडा करणं, यात सहा दिवस. कच्ची रेखाटनं दहा दिवस. पक्की रंगीत चित्रं, जोडपानाला दोन दिवस धरले तर अठ्ठावीस. मुखपृष्ठ तीन, दुरुस्त्या पाच, स्कॅनिंग आणि फाइली तयार करणं दोन. एकूण चौपन्न दिवस, म्हणजे कामाचे दोन महिने उलटून जातात. दिवसाला २,००० रुपये धरले तर १,०८,००० रुपये होतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण आपापले आकडे घालून ही मांडणी कुणालाही करता येते. "पानाला इतके" असा भाव सांगण्यापेक्षा ती बरी, कारण एसटी स्टँडवरच्या गर्दीचं पान आणि खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मुलीचं पान यांना सारखा वेळ लागत नाही.

प्रकाशकाचं पारडंही मांडायला हवं. पुस्तकाची किंमत १५० रुपये, पहिली आवृत्ती दोन हजार प्रती. छापील किमतीने ३,००,००० रुपये होतात. विक्रेते आणि वितरक यांना ४० टक्के सूट द्यावी लागली तर हातात १,८०,००० येतात. प्रतीमागे छपाई-बांधणीचे ४५ रुपये धरले तर ९०,००० त्यातच जातात. उरलेल्या ९०,०००मध्ये लेखक, चित्रकार, संपादन, मांडणी, गोदाम, ऑफिस आणि न विकल्या गेलेल्या प्रती असं सगळं बसवायचं. म्हणजे चित्रकाराच्या श्रमाचा पूर्ण आकडा पहिल्या आवृत्तीतून निघूच शकत नाही. "प्रकाशक पिळतात" किंवा "चित्रकार अवाच्या सवा मागतात" असं म्हणून हे अंतर बुजत नाही, कारण दोघांचाही हिशेब बरोबर असतो. मराठी चित्रपुस्तकाच्या अर्थकारणातली खरी अडचण ही आहे.

यावर एक वाट कामाच्या आकारात सापडते. चौदाच्या चौदा जोडपानं काठोकाठ रंगवलेली हवीत असा काही नियम नाही. आठ पूर्ण जोडपानं आणि सहा जोडपानांत पांढऱ्या कागदावर मोकळी चित्रं असा बेत केला, तर रंगाचे दिवस अठ्ठावीसवरून बावीसवर येतात आणि कच्च्या रेखाटनांचे दहावरून आठवर. एकूण सेहेचाळीस दिवस, ९२,००० रुपये. हे पहिल्याच बैठकीत ठरवावं लागतं आणि त्याने पुस्तक दुबळं होतंच असं नाही. गर्दी आणि मोकळीक यांच्या आलटून पालटून येण्याने एसटीच्या प्रवासाची गोष्ट उलट चांगली सांगता येते.

दुसरी वाट हक्कांत आहे, आणि वर सांगितलेला फरक इथे खरा उपयोगी पडतो. प्रकाशक पहिल्या आवृत्तीत ४५,००० देऊ शकत असेल, तर त्या पैशांत श्रमाचा निम्मा आकडा भरतो. मग परवानगीही तेवढीच द्यायची: मराठी छापील पुस्तक, पहिल्या दोन हजार प्रती. पुढच्या प्रत्येक मुद्रणावर छापील किमतीच्या पाच टक्के, म्हणजे दोन हजार प्रतींना १५,००० रुपये. दुसऱ्या भाषेतल्या प्रत्येक आवृत्तीसाठी आणखी १५,०००. दोन पुनर्मुद्रणं आणि एक हिंदी आवृत्ती झाली की चित्रकाराकडे ९०,००० आलेले असतात. पुस्तक चाललंच नाही, तर प्रकाशक बुडत नाही. चाललं, तर त्यात चित्रकाराचाही वाटा असतो. यात चित्रकार अर्ध्या श्रमाची जोखीम घेतो, हे लपवून चालणार नाही. म्हणून ही तडजोड ज्याचं पुस्तक खरोखर पुन्हा पुन्हा छापलं जातं, अशा प्रकाशकाबरोबरच करावी. त्याच्या यादीत पुनर्मुद्रणं किती आहेत, हे पुस्तकांच्या श्रेयपानांवर वाचता येतं. तिथे फक्त पहिल्या आवृत्त्याच दिसत असतील, तर रॉयल्टीच्या आश्वासनावर आकडा कमी करू नये; श्रमाचे पूर्ण पैसे आधीच मागावेत.

रॉयल्टी कशावर मोजायची हेही लिहावं लागतं. छापील किमतीच्या पाच टक्के म्हणजे प्रतीमागे साडेसात रुपये; सूट वजा करून हाती येणाऱ्या रकमेच्या पाच टक्के म्हणजे साडेचार. दोन्हींना बोलताना "पाच टक्के"च म्हणतात. चित्रपुस्तकात लेखक आणि चित्रकार यांचे टक्के सारखे असावेत, असं माझं ठाम मत आहे. बत्तीस पानांत तीनशे शब्द असतील, तर मूल ते पुस्तक वाचतं ते मुख्यतः चित्रांतून. लेखकाला साडेसात टक्के आणि चित्रकाराला एकरकमी मानधन ही जुनी विभागणी गोष्टींच्या संग्रहासाठी ठरली होती. दहा पानांमागे एक काळं-पांढरं रेखाटन असे तेव्हा तिला अर्थ होता.

पैसे कधी द्यायचे, यात आणखी एक फसगत असते. "पुस्तक आलं की देतो" या वाक्यात काम चित्रकाराचं आणि तारीख प्रकाशकाच्या हातात असते. पुस्तक कागदाच्या भावामुळे, प्रस्तावनेमुळे किंवा कुणा पाहुण्याच्या वेळेमुळे वर्षभर लांबू शकतं. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले असावेत: सही करताना तीस टक्के, कच्ची रेखाटनं मंजूर झाली की तीस, पक्क्या फाइली दिल्या की चाळीस. पहिला हप्ता आल्याशिवाय पात्रांचं पहिलं रेखाटनही पाठवू नये. त्या सहा दिवसांतच पुस्तकाचं रूप ठरतं, आणि ते बघून झाल्यावर काम दुसऱ्याकडे गेल्याच्या गोष्टी या व्यवसायात नवीन नाहीत. "दोन पानं नमुना म्हणून रंगवून द्या" ही मागणी असेल, तर त्या दोन पानांचे पैसे वेगळे ठरवावेत. आधीची कामं बघून चित्रकार निवडणं हे संपादकाचंच काम आहे.

उशिरा मिळणाऱ्या पैशांवर कायद्याचा एक उपाय आहे आणि तो चित्रकारही वापरू शकतात. चित्रकाराने सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली, तर २००६चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा त्याला लागू होतो. ही नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते. लेखी करार असेल तर काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी आणि तिचा क्रमांक करारात नि बिलावर असावा. भांडण करायची वेळ फार क्वचित येते. बिलावरचा तो क्रमांक पाहूनच हिशेबनीस फाइल वर काढतो, कारण मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरासाठी खर्चात धरता येत नाही.

मुदती ठरवताना आपल्याकडे शेवटाकडून मागे येण्याची सवय नाही. दिवाळीत पुस्तक हवं असेल तर फाइली छापखान्यात कधी जायला हव्यात? दिवाळीआधी मराठी छापखाने दिवाळी अंकांनी भरलेले असतात. त्या गर्दीत बत्तीस पानांचं रंगीत पुस्तक मागे सरकणार हे गृहीत धरायला हवं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फाइली द्यायच्या म्हटलं, तर मांडणी नि मुद्रितशोधनासाठी जुलै हवा आणि पक्की चित्रं जूनअखेर हातात हवीत. सेहेचाळीस दिवसांचं काम चित्रकार सलग करत नाही, त्याच्याकडे इतरही कामं असतात. म्हणून चार महिने धरावेत. म्हणजे मार्चच्या सुरुवातीला काम सुरू आणि त्याआधी, फेब्रुवारीत, मजकूर पक्का. बरेचदा जून उजाडल्यावर फोन येतो. मग घाईची किंमत दोघांनी मिळून ठरवावी: एक तर दर वाढेल, नाही तर चित्रं साधी होतील, नाही तर पुस्तक पुढच्या वर्षी येईल. यातलं काहीच न ठरवता "बघा ना, जमवा" म्हटलं, की त्या घाईचा सगळा भार चित्रकाराच्या रात्रींवर पडतो.

वेळापत्रकात प्रकाशकाच्या तारखाही असायला हव्यात आणि नेमक्या त्याच नसतात. चित्रकाराने पंधरा एप्रिलला कच्ची रेखाटनं पाठवली आणि उत्तर बारा मेला आलं, तर जूनअखेरची मुदत आपोआप जवळजवळ तीन आठवडे पुढे गेली पाहिजे. करारात हे साध्या शब्दांत लिहिता येतं: "प्रत्येक टप्प्यावर प्रकाशक सात दिवसांत लेखी अभिप्राय देतील. त्याहून लागणारे दिवस चित्रकाराच्या पुढच्या मुदतीत मिळवले जातील." या ओळीला आजवर कुणी विरोध केलेला मी पाहिलेला नाही. ती सुचवली मात्र फार कमी वेळा जाते.

दुरुस्त्यांची गोष्ट सगळ्यांत नाजूक असते, कारण तिथे कामाबरोबर माणसांच्या आवडीनिवडीही येतात. एसटीच्या गोष्टीतच पाहू. मजकुरात लिहिलंय की आजी नऊवारी नेसली आहे आणि चौथ्या जोडपानावर ती पाचवारीत दिसते. ही चित्रकाराची चूक. केव्हाही लक्षात आली तरी त्याने फुकट दुरुस्त करावी. मुलीच्या पिशवीचा रंग सहाव्या पानावर निळा आणि अकराव्यावर हिरवा, हेही तसंच. पण सगळी पानं रंगवून झाल्यावर लेखकाला वाटलं की आजीला चष्मा हवा होता, तर तो विचारातला बदल आहे. मजकुरात किंवा मंजूर झालेल्या रेखाटनात चष्मा नव्हता. बारा जोडपानांवर आजी असेल तर बारा चित्रांना पुन्हा हात लावायचा. जलरंगात असेल तर त्यातली काही नव्याने काढावी लागतील. या कामाचे दिवस मोजून वेगळे पैसे द्यायला हवेत.

म्हणून चूक आणि बदल यांच्यातली सीमा एकाच ठिकाणी आखता येते: मंजूर झालेलं कच्चं रेखाटन. ते मंजूर होण्याआधी दोन फेऱ्या दुरुस्त्या मानधनात धरलेल्या असाव्यात. रंगीत चित्रांवर एक फेरी, तीही लहान दुरुस्त्यांची. त्यापुढे दिवसाच्या दराने. कच्च्या टप्प्यावर दोन फेऱ्यांची मुभा द्यायची ती मोकळेपणासाठी. पेन्सिलीतली बस वळवायला अर्धा तास लागतो. रंगवलेली बस वळवायची तर दोन दिवस जातात. संपादकाने आपली सगळी शंका, नाराजी नि हौस इथेच खर्च करावी. पानांवर मजकूर तात्पुरता बसवून, कागदाची घडी घालून, खरोखर पानं उलटत वाचावं. अक्षरांना जागा अपुरी आहे, मुलीचा चेहरा नेमका मधल्या शिवणीत जातोय, गंमत पान उलटण्याआधीच दिसतेय, हे पडद्यावर सुटं चित्र बघून कळत नाही, हातात घडी घेतल्यावर लगेच कळतं.

दुरुस्त्या बिघडण्याची एक ठरलेली खूण असते. अभिप्राय वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या दिवशी, व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने येऊ लागतात. लेखिका म्हणते आकाश उजळ हवं, वितरक म्हणतो मुखपृष्ठ गडद हवं, प्रकाशकाच्या घरच्यांना आजी फार म्हातारी वाटते. चित्रकार तीन मालकांकडे काम करू लागतो. करारात एका माणसाचं नाव असावं, जो सगळ्यांची मतं गोळा करेल, त्यांतले विरोध स्वतः सोडवेल आणि एकच लेखी यादी पाठवेल. यादीत अडचण लिहावी, उपाय चित्रकारावर सोडावा. "इथे मुलगी घाबरलेली वाटत नाही" असं लिहिलं तर चित्रकार दहा वाटा शोधेल. "डोळे मोठे करा" म्हटलं तर डोळे मोठे होतील आणि मुलगी तशीच राहील.

काम झाल्यावरही चित्रावर चित्रकाराचा एक हक्क उरतो, आणि तो कॉपीराइट विकला तरी जात नाही. कलम ५७नुसार हे माझं काम आहे असं म्हणण्याचा हक्क त्याचा असतो, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी कामाची मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं मोठं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. पुस्तकात ही मोडतोड सहसा निष्काळजीपणाने होते. मजकूर बसत नाही म्हणून मांडणीकार चित्र आरशासारखं उलटं फिरवतो. मग एसटीचं दार उजव्या बाजूला जातं, पाटीवरची देवनागरी अक्षरं उलटी होतात आणि पाटी चिठ्ठी लावून झाकली जाते. मुलं हे पकडतात आणि चूक चित्रकाराच्या नावावर जमा होते. म्हणून "चित्र कापणं, उलटवणं, रंग बदलणं चित्रकाराला विचारून" ही ओळ असावी, आणि छापखान्यात जाण्याआधीची पानं चित्रकाराने एकदा बघून द्यावीत. त्याच ओघात, चित्रातली पाटीवरची अक्षरं वेगळ्या थरात ठेवली तर हिंदी आवृत्तीच्या वेळी चित्र पुन्हा काढावं लागत नाही. हे फाइलींच्या तपशिलात आधीच लिहावं.

नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाइतक्याच आकारात यावं. आपल्याकडे आतल्या पानात बारीक अक्षरांत "सजावट" म्हणून नाव देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. चित्रपुस्तकात चित्र सजावट नसतं. ज्योत्स्ना प्रकाशनासाठी माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून स्वतः चित्रं काढलेली पुस्तकं पाहिली की गोष्टीतलं किती सांगणं चित्रांनी अंगावर घेतलेलं असतं ते दिसतं. ज्या पुस्तकात ही दोन माणसं वेगळी आहेत, तिथे दोघांची नावं शेजारी हवीत. कागदावर काढलेली मूळ चित्रं चित्रकाराचीच राहतात आणि स्कॅन झाल्यावर अमुक दिवसांत परत येतील, हेही लिहावं. ती विकता येतात, प्रदर्शनात लावता येतात, आणि कमी मानधनाच्या पुस्तकात हा पैसा कधी कधी मानधनाइतका होतो.

उरतं ते मोडलेलं किंवा संपलेलं काम. प्रकाशकाने मध्येच पुस्तक थांबवलं, तर त्या टप्प्यापर्यंतचे पैसे चित्रकाराचे आणि चित्रांचे सगळे हक्कही त्याचेच. त्या रेखाटनांवरून दुसऱ्याकडून चित्रं करून घेता येणार नाहीत, हे स्पष्ट असावं. चित्रकाराने काम सोडलं, तर न केलेल्या टप्प्याचा घेतलेला हप्ता परत द्यावा. पुस्तक गाजलं आणि त्या मुलीची दुसरी गोष्ट आली, तर आधी त्याच चित्रकाराला विचारायचं. त्याला वेळ नसेल तर पात्रांचं रूप दुसऱ्याला वापरू देण्याचे पैसे ठरवायचे. आणि पुस्तक बाजारातून संपलं, तर? "प्रती संपल्यानंतर चित्रकाराने लेखी विचारणा केल्यापासून सहा महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही, तर सर्व परवानग्या आपोआप रद्द होतील." चांगली मराठी चित्रपुस्तकं कुणाच्या तरी कपाटात अशी अडकून पडली आहेत, आणि त्यांच्या करारांत ही ओळ असती तर त्यांतली काही आज दुसऱ्या प्रकाशकाकडे छापली जाऊ शकली असती. ती लिहिताना सोबत अंतिम फाइलींची एक प्रत चित्रकाराकडे राहील हेही लिहावं, कारण हक्क परत आले आणि फाइली जुन्या प्रकाशकाच्या बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये राहिल्या, तर चौदा जोडपानं पुन्हा स्कॅन करायला मूळ चित्रं शोधत बसावं लागतं.